कार्यालयाची तारीख घेताना

पुतणीचं लग्न ठरलं आणि गुरुजींनी फेब्रुवारीतल्या तीन तारखा काढून दिल्या. त्यानंतरचे दोन रविवार दादा, वहिनी आणि मी पुण्यातली मंगल कार्यालयं बघत फिरलो. हॉल केवढा आहे, वधूपक्षाच्या खोल्या किती, गाड्या कुठे लागतील, पंगत बसेल की बुफे, सगळं बारकाईने विचारलं. एक कार्यालय सगळ्यांनाच आवडलं. मॅनेजर म्हणाले, "या तारखेला अजून दोन पार्ट्या आहेत. आज अ‍ॅडव्हान्स दिलात तर तुमची." दादाने तिथल्या तिथे पैसे भरले आणि बुकिंग फॉर्मवर सही केली. फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात एकवीस अटी होत्या. त्या आम्ही वाचल्या त्या पाच महिन्यांनी, लग्न पुढे ढकलायची वेळ आल्यावर.

कार्यालयवाल्याचा धंदा नेमका कसला असतो, ते आधी सांगते. आपल्याला वाटतं, आपण हॉल भाड्याने घेतो. प्रत्यक्षात तो तारीख विकत असतो. आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात, गुरू-शुक्राचा अस्त असला की आणखी काही आठवडे जातात. उरलेल्या दिवसांपैकी मुहूर्ताच्या तारखा मोजक्या, आणि त्यातही शनिवार-रविवार बोटांवर मोजण्याइतके. एक तारीख रिकामी गेली तर ती पुन्हा विकता येत नाही. पगार, वीज, मालमत्ता कर हे खर्च तर चालूच राहतात. म्हणून आपण आयत्या वेळी लग्न रद्द केलं तर त्याने काही रक्कम कापून घेणं मला रास्तच वाटतं. वाद होतो तो किती कापायची आणि कशावर कापायची, यावर.

आमच्या फॉर्मवरचा हिशोब असा होता. भाडं २ लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी ३६ हजार, एकूण २ लाख ३६ हजार. निम्मी रक्कम, म्हणजे १ लाख १८ हजार, आगाऊ. रद्द केल्यास कपातीचे टप्पे होते. लग्नाला १८० दिवसांहून जास्त अवधी असेल तर २५ टक्के, १८० ते ९१ दिवस असतील तर ५० टक्के, ९० ते ३१ दिवसांत ७५ टक्के आणि शेवटच्या ३० दिवसांत पूर्ण रक्कम. बहुतेक कार्यालयांचे टप्पे साधारण याच धर्तीचे असतात, आकडे थोडे इकडेतिकडे.

नोव्हेंबरमध्ये मुलाच्या वडिलांना छातीत दुखू लागलं, तपासण्या झाल्या आणि बायपास ठरली. लग्न एप्रिलमध्ये करायचं असं दोन्ही घरांनी ठरवलं. दादाने कार्यालयात फोन केला तेव्हा लग्नाला ९३ दिवस उरले होते. मॅनेजर अगदी आपुलकीने बोलले. तब्येतीची चौकशी केली, म्हणाले, "घाई नको, पुढच्या आठवड्यात निवांत पत्र घेऊन या." माझी भाची वकिली करते. ती म्हणाली, "मामा, आज रात्रीच ईमेल कर. फॉर्मवर लेखी सूचना असं लिहिलंय. पुढच्या आठवड्यात गेलास तर ९० दिवसांच्या आत येशील." त्याच रात्री ईमेल गेला आणि फॉर्मवरच्या नंबरवर व्हॉट्सॲपही. फोनवरचं बोलणं कागदावर उरत नाही. लेखी सूचना ज्या दिवशी पोचते त्या दिवसापासून टप्पा मोजला जातो. तो आठवडा आम्ही निवांत घालवला असता तर कपात ५० वरून ७५ टक्क्यांवर गेली असती.

तरी खरा घोळ पुढेच होता. दादाच्या मते ५० टक्के म्हणजे भरलेल्या रकमेच्या निम्मे, ५९ हजार. तेवढे गेले तरी तेवढेच परत येतील, या हिशोबाने तो कार्यालयात गेला. मॅनेजरांनी सांगितलं, "कपात एकूण रकमेवर असते." २ लाख ३६ हजारांचे ५० टक्के म्हणजे १ लाख १८ हजार, नेमकी आम्ही भरलेली सगळी रक्कम. म्हणजे परत काहीच नाही. याच हिशोबाने ७५ टक्क्यांच्या टप्प्यात १ लाख ७७ हजार होतात. म्हणजे लग्न रद्द करून वर आणखी ५९ हजार खिशातून द्यायचे! फॉर्मवर फक्त 'रकमेच्या ५० टक्के' एवढंच छापलं होतं. कुठली रक्कम, याचा पत्ता नव्हता.

म्हणून तारीख घेताना विचारायचा पहिला प्रश्न हाच: टक्केवारी कशाची? उत्तर मिळालं की ते फॉर्मवर पेनने लिहून घ्यावं, 'भरलेल्या आगाऊ रकमेच्या' असं, आणि शेजारी मॅनेजरची सही घ्यावी. छापील फॉर्मवर हाताने लिहिलेली ओळ चालते, दोघांची सही तेवढी हवी. अर्थ दोन्ही बाजूंनी निघत असेल तर ज्याने तो कागद तयार केला त्याच्या विरुद्ध अर्थ लावायचा, हे न्यायालयांचं जुनं तत्त्व आहे. पण तिथवर जायची वेळ येऊ नये.

तारीख बदलण्याबद्दलही फॉर्ममध्ये एक ओळ होती. 'तारीख बदल म्हणजे रद्दबातल व नवीन बुकिंग समजले जाईल.' म्हणजे त्याच कार्यालयात एप्रिलची तारीख घेतली तरी जुने पैसे गेले ते गेलेच, नवे पुन्हा भरायचे. अनेक कार्यालयं एकदा तारीख बदलू देतात, ठरावीक शुल्क घेऊन किंवा फुकट. त्यांना आधी विचारलं तर ती अट लेखी मिळते. लग्न मोडण्यापेक्षा पुढे ढकलण्याचे प्रसंगच जास्त येतात, म्हणून ही ओळ माझ्या दृष्टीने कपातीच्या टप्प्यांइतकीच महत्त्वाची.

दादा तर पैसे सोडून द्यायच्या विचारात होता. जानेवारीत वहिनींच्या चुलतभावाकडे एक पत्रिका आली. तीच तारीख, तेच कार्यालय, वेळही तीच. आमची तारीख दुसऱ्याला दिली गेली होती आणि तिचं पूर्ण भाडं मालकाला मिळणार होतं. आमचे १ लाख १८ हजार वर.

भारतीय करार कायद्यातलं कलम ७४ इथे उपयोगी पडतं. हा कायदा १८७२ सालचा. करार मोडल्यास किती रक्कम द्यायची हे करारातच लिहिलेलं असलं, तरी दुसऱ्या बाजूला मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, त्याहून जास्त मिळू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या खटल्यात हे आणखी स्पष्ट केलं. भरपाईचा आधार नुकसान हाच आहे आणि हेच जप्त केलेल्या इसाऱ्यालाही लागू आहे. तो खटला जमिनीच्या प्लॉटचा होता. प्लॉट पुढे जास्त दराने विकला गेला होता, आणि आधीच्या बोलीदाराचा इसारा परत करायला न्यायालयाने सांगितलं. आमच्या प्रकरणाशी याचं साधर्म्य भाचीने पहिल्यांदा दाखवलं तेव्हा दादा चहाचा कप खाली ठेवून ऐकत राहिला.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'अन्याय्य करार' अशी वेगळी व्याख्याच आली. ग्राहकाने करार मोडल्यास, झालेल्या नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणारी अट त्यात बसते. मालकाला वाटेल तेव्हा कारण न देता करार मोडता येईल, अशी एकतर्फी अटही बसते. ही दुसरी अट कार्यालयांच्या फॉर्मवर आढळते, म्हणून ती शोधावी. 'व्यवस्थापनास कोणतेही कारण न देता आरक्षण रद्द करण्याचा अधिकार राहील' असं काहीसं लिहिलेलं असतं. तसं झालं तर आपल्याला फक्त भरलेले पैसे परत. मुहूर्ताला पंधरा दिवस असताना दुसरं कार्यालय कुठून मिळणार? त्या ओळीच्या जागी 'कार्यालयाने रद्द केल्यास पूर्ण रक्कम परत, अधिक तेवढीच भरपाई' असं काही मागून बघावं. सगळे देणार नाहीत, पण मागितल्यावर निदान 'कोणतेही कारण न देता' हे शब्द खोडले जातात, हे मी स्वतः पाहिलं आहे.

भाचीने दीड पानाचं पत्र लिहिलं. त्यात आरडाओरडा काही नव्हता. रद्द केल्याची तारीख, ईमेलची प्रत, त्याच तारखेच्या नव्या लग्नाच्या पत्रिकेची प्रत, कलम ७४, आणि शेवटी विचारणा: तुमचं प्रत्यक्ष नुकसान किती झालं ते कळवा, तेवढं वजा करून उरलेली रक्कम पंधरा दिवसांत द्या. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करू. तिथे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी फी लागत नाही, वकील नसला तरी चालतं, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. करारातली अटच अन्याय्य ठरवून घ्यायची असेल तर मात्र राज्य आयोगाकडे जावं लागतं. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला तर कंपनीला किंवा दुकानाला तक्रार कळवली जाते आणि बऱ्याच गोष्टी तिथेच मिटतात.

आमचंही आयोगापर्यंत गेलं नाही. मालकांनी स्वतः बोलावलं. बुकिंगची कामं आणि नवी पार्टी मिळवण्यासाठी झालेला खर्च मिळून १५ हजार आणि त्यावरचा जीएसटी २७०० त्यांनी ठेवून घेतला, बाकी १ लाख ३०० रुपये परत केले. ते रास्त होतं आणि दादाने मान्य केलं. जीएसटीबद्दल एक खुलासा करायला हवा, कारण 'कर सरकारकडे भरला, तो परत येत नाही' असं सर्रास सांगितलं जातं. कार्यालय जेवढी रक्कम ठेवून घेतं तेवढ्यावर कर लागतो. ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात रद्द करण्याच्या शुल्कावरच्या कराचा खुलासा आहे. जेवढी रक्कम परत होते तिच्यावरचा कर कार्यालयाला आपल्या विवरणपत्रात वळता करता येतो. त्यासाठी आगाऊ रकमेची पावती पक्की हवी, जीएसटी क्रमांकासह. कच्च्या चिठ्ठीवर निम्मे रोख दिले असतील तर ते सिद्ध करायलाही आपल्याकडे काही उरत नाही.

मार्च २०२० ची आठवणही इथे यायलाच हवी. टाळेबंदीत लग्नं बंदच झाली. अशा वेळी करार पार पाडणं अशक्य होतं, दोघांपैकी कुणाची चूक नसते, आणि करार कायद्याच्या कलम ५६ व ६५ प्रमाणे घेतलेला लाभ परत करायचा असतो. पण एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात लग्नाला परवानगी होती, फक्त २५ माणसं आणि दोन तास. आता हे अशक्य म्हणायचं की शक्य? पाचशे माणसांचा हॉल घेतलेल्या घरांनी त्या महिन्यांत हाच वाद घातला. कित्येकांना पैशांऐवजी 'पुढच्या वर्षीची तारीख घ्या' असं सांगण्यात आलं. म्हणून 'सरकारी निर्बंधांमुळे ठरलेल्या संख्येच्या निम्म्याहून कमी पाहुण्यांना परवानगी राहिल्यास पूर्ण रक्कम परत' अशी एक ओळ आता आपण आवर्जून मागावी.

एप्रिलसाठी आम्ही दुसरं कार्यालय घेतलं. या वेळी फॉर्म घरी आणला, दोन दिवस ठेवला आणि पाच ठिकाणी पेनने बदल करून सही केली. त्यातले दोन बदल लग्नाच्या दिवशी कामी आले.

पहिला वेळेचा. सकाळी ६ ते दुपारी ४ असा करार होता. पुढे तासाला १० हजार आणि जीएसटी, 'तास किंवा त्याचा भाग'. हे शेवटचे तीन शब्द महाग आहेत. दहा मिनिटं उशीर झाला तरी पूर्ण तासाचे पैसे. आणि चार वाजता नेमकं काय संपायला हवं, तेही बघायला हवं. चारला जेवणं संपलेली असली तरी कार्यालयाचं घड्याळ थांबत नाही. खोल्यांच्या किल्ल्या परत मिळेपर्यंत ते चालू असतं. मुहूर्त साडेबाराचा, मग जेवणं, मग पाठवणी. रुखवत पेट्यांत भरायचं, भेटवस्तू मोजायच्या, वरपक्षाच्या खोलीत कुणाची तरी शाल राहिलेली असते, आणि संध्याकाळच्या रिसेप्शनवाल्यांचा डेकोरेटर दारात ट्रक लावून उभा असतो. या धावपळीत एक तास सहज जातो. आम्ही अर्धा तास सवलतीचा लिहून घेतला होता, त्यापुढे अर्ध्या अर्ध्या तासाचा हिशोब, आणि शिवाय एक ओळ: 'कार्यालयाचा ताबा उशिरा मिळाल्यास तेवढा वेळ पुढे वाढवून मिळेल.'

तीच ओळ उपयोगी पडली. आदल्या रात्रीच्या रिसेप्शनची आवराआवर सकाळी सहालाही चालू होती. ओल्या फरशीवर खरकट्याच्या बादल्या होत्या, खुर्च्या एकमेकींवर रचलेल्या होत्या. आम्हाला हॉल मिळाला ६ वाजून ४० मिनिटांनी. मी वॉचमनच्या रजिस्टरमध्ये ती वेळ लिहिली आणि ड्युटीवरच्या माणसाची सही घेतली. दुपारी किल्ल्या दिल्या तेव्हा ४ वाजून ५० मिनिटं झाली होती. बिलात एका तासाचे ११ हजार ८०० लागले होते. रजिस्टर दाखवलं. आमची वेळ ४.४० पर्यंत वाढलेली, वर दहा मिनिटं, ती सवलतीच्या अर्ध्या तासात बसत होती. ती रक्कम बिलातून निघाली.

संध्याकाळचं कार्य असेल तर उशिराला पैशांखेरीज आणखी एक मर्यादा आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. बंदिस्त हॉलमध्ये आतल्या आत चालेल इतका आवाज ठेवता येतो, लॉनवर मात्र नाही. त्यामुळे लॉनवर दहानंतरच्या जादा तासाचे पैसे भरले तरी त्या तासात बँड किंवा डीजे वाजवायचा हक्क विकत मिळत नाही.

दुसरा बदल नुकसानभरपाईच्या कलमातला. छापील मजकूर होता, 'कोणत्याही नुकसानीची भरपाई व्यवस्थापन ठरवेल ती द्यावी लागेल व ती अनामत रकमेतून वळती केली जाईल.' आकडा नाही, मोजदाद नाही. आम्ही दरपत्रक मागितलं आणि करारासोबत जोडलं. कव्हरवर डाग पडला तर धुण्याचे ४० रुपये, फाटलं तर नव्याची किंमत. 'कोणत्याही' च्या जागी 'आमच्या पाहुण्यांकडून झालेल्या' असं लिहिलं. कारण डेकोरेटर त्यांच्याच यादीतला घ्यायची सक्ती होती. त्याने भिंतीला खिळे ठोकले तर रंगाचा खर्च आमच्याकडून का? बाहेरचा डेकोरेटर किंवा केटरर आणू दिला तर त्याच्यासाठी कार्यालयं रॉयल्टी घेतात, आणि मग त्याच्या चुकांची जबाबदारी मात्र आपली असते, हेही लक्षात घ्यावं.

ताबा घेताना भाच्याने मोबाइलवर सहा मिनिटांचा व्हिडिओ काढला. खोल्यांतले आरसे, नळ, गाद्यांवरचे जुने डाग, स्टेजचा गालिचा. वीजमीटरचं रीडिंग आणि जनरेटरचा तासांचा आकडा मी वहीत लिहिला, कारण हे दोन्ही खर्च भाड्याबाहेर होते. हळद सकाळी तिथेच होती. हळद आणि पांढरी कव्हरं एकत्र आली की काय होतं ते सांगायला नको. आम्ही त्या भागात जुन्या चादरी अंथरल्या होत्या, तरी मुलांनी पिवळ्या हातांनी खुर्च्या धरल्याच.

निघताना मॅनेजर आणि मी दोघं सगळ्या खोल्यांतून फिरलो. अनामत ४० हजार होती. डाग पडलेली कव्हरं चौदा निघाली, म्हणजे ५६० रुपये. वीज ३१० युनिट, करारातल्या १५ रुपये दराने ४,६५०. जनरेटर लागलाच नव्हता. वधूच्या खोलीतल्या आरशाला कोपऱ्यात तडा होता, त्याचे दोन हजार त्यांनी लिहिले होते. भाच्याने व्हिडिओ उघडला, ६ वाजून ५२ मिनिटांचा. तडा त्यात होताच. मॅनेजरांनी एक शब्द न बोलता ती ओळ खोडली, खाली ३४,७९० हा आकडा लिहिला, आम्ही दोघांनी सह्या केल्या आणि दादाच्या खात्यात तिसऱ्या दिवशी पैसे आले.